दांडीचं दुसरं टोक

देवगड, 20 एप्रिल 2025

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून तू करतेयस त्या व्हिडिओचं निवेदन तीनदा वाचलं. दोनदा मनात आणि एकदा मोठ्याने, मागच्या पडवीत बसून, तुझ्या बाबांच्या कानावर जाऊ नये म्हणून. ते सड्यावर बागेत असतात, आंब्याची काढणी चालू आहे. चांगलं लिहिलंयस, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी काय काय लिहीन याचा मलाच भरवसा नाही. तीस वर्षं लाल शाई वापरली, ती सवय जात नाही.

एक गोष्ट सांगते आणि सोडून देते. दिगू भावजी येतो म्हणालेत. सहा वर्षांनी आपल्या खळ्यात पाऊल टाकतील. आणि तुझ्या दुसऱ्या पानावर आहे, 'बाबांनी एकट्याच्या हिमतीवर ही बाग उभी केली.' तेवढं बघ.

आता वेळेचं. घड्याळ समोर ठेवून वाचलं, तर शंभर शब्दांना मला मिनिटभर लागतं. तुझे शब्द अकराशे, म्हणजे अकरा मिनिटं, आणि व्हिडिओ आठ मिनिटांचा. म्हणूनच तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या मिनिटापासून तू धावतेयस आणि 'कर्तव्यतत्पर'ला अडखळलीस. दोष तुझ्या जिभेचा नाही, तो शब्द बोलण्यातलाच नाही. साडेपाचशे शब्दांवर आण, म्हणजे मध्ये फोटो नुसते बघायलाही वेळ मिळेल. आजीचा चुलीपाशी बसलेला फोटो येईल तेव्हा तर बोलूच नकोस. मनात पाच आकडे मोज. आज ती असती तर वगैरे काही नको, ज्याला आठवायचं त्याला आठवेल.

ओघ कुठे तुटतो ते कळावं म्हणून शेजारच्या ओंकारला समोर बसवून वाचून दाखवलं. दहा वर्षांचं पोर, पहिलं पान नीट ऐकलं. दुसऱ्या पानावर तिसऱ्या 'त्यानंतर'ला त्याने मांजर उचलून मांडीवर घेतलं. मी मोजले, तुझ्याकडे 'त्यानंतर' अकरा आहेत. त्यानंतर लग्न, त्यानंतर दादा, त्यानंतर तू, त्यानंतर घराला स्लॅब. सालं सगळी बरोबर आहेत, पण पुढे काय झालं असं कुणाला विचारावंसं वाटत नाही. सालांऐवजी एखादी वस्तू धर. माझ्या मते पाणी धर. आपल्या घरातलं सगळं पाण्यावरूनच घडलं, भांडणंसुद्धा.

मी एक तुकडा लिहून बघितला. मूळ तुझाच आहे, 'दिनांक 12 मे 1985 रोजी आईबाबा विवाहबंधनात अडकले'पासून बागेपर्यंतचा. तो असा केला:

'लग्नाला वर्ष झालं आणि सड्यावर कलमं लागली. कातळात सुरुंगाने पाडलेले खड्डे, त्यांत डोक्यावरून वाहून आणलेली माती, आणि पाणी मात्र खालच्या विहिरीचं. दोघे भाऊ, एक दांडी, एक हंडा. पहिले दोन उन्हाळे असेच गेले. पहिला आंबा घरात आला तेव्हा दादा चार वर्षांचा होता आणि मी नुकती चालायला लागले होते.'

अर्ध्या मिनिटात होतं. दादाचा आणि तुझा जन्म आपोआप आत आला, वेगळं सांगावं लागलं नाही. आणि 'दोघे भाऊ' म्हटलंय. तिथे थांबू नकोस बरं. नाव घेऊन आभारबिभार मानलेस तर सगळं खळं मान वळवून त्यांच्याकडे बघेल, आणि ते त्यांना एकटेपणाहून वाईट. सहज म्हणायचं आणि पुढे जायचं.

बघ, सोडून देते म्हटलं होतं.

पण सायली, तो फोटो. तू व्हिडिओत घेतलेल्या फोटोत बाबा एकटेच आहेत, खांद्यावर दांडी, उन्हाने डोळे बारीक झालेले. फ्रेममध्ये बसावा म्हणून तू तो उजवीकडून कापलास, दुसरं काही तुझ्या मनात नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण दांडी फोटोच्या कडेशी संपते आणि हंडा अर्धाच दिसतो. त्या दांडीचं दुसरं टोक कुणाच्या खांद्यावर होतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. वर तुझा आवाज म्हणणार, 'एकट्याच्या हिमतीवर'. वाटपाचं मी काही लिहीत नाही. त्यात कुणाचं किती चुकलं ते खळ्यात पडदा लावून सांगायचं नसतं, आणि लपवायचंही नसतं. दोन उन्हाळे ते दांडीला होते, एवढं खरं आहे, तेवढंच राहू दे.

मी ट्रंक उपसली. मूळ फोटो सापडला, मागे बाबांच्या अक्षरात 'मे 87'. भावजींच्या डोक्याला माझा जुना टॉवेल गुंडाळलेला आहे. हा मी दोघांसाठी भाकरी घेऊन वर गेले होते त्या दिवशीचा, मुंबईच्या मामांनी काढलेला. भावजी तेव्हा एकोणीस वर्षांचे. हंड्यातलं पाणी हिंदकळून पायावर पडलं की ओरडायचे, 'वैनी, माज्याच झाडाचा पानी सांडला!' सगळी झाडं त्यांचीच. असो.

बाकी थोडकं. आजीची क्लिप, बाबा मला बघायला आले होते तो किस्सा, अप्रतिम आहे. पण शेवटची जी शिवी तिने हासडलीय ती आपल्या घरात लाडाची. हुबळीचे व्याही समोर असतील, त्यांना मालवणी कळणार नाही, पण आपली पोरं हसली की ते अर्थ विचारणार, आणि सांगायला तू बसशील. तिच्या हसण्यावर क्लिप तोड. 'अखंड सौभाग्य' तीनदा आलंय, तिन्ही काढ. पहिल्या खुर्चीवर नलूआत्या बसणार आहे. 'चाळीस वर्षं' म्हटलं की पुरे. शिमग्यातला बाबांचा किस्सा जावयांना खाजगीत सांग. आणि खालचं गाणं शब्दांशिवाय घे, खळ्यात आवाज उडून जातो, त्यात गाणारी बाई आणि तू एकदम बोलायला लागलात तर दोघीही कळत नाहीत.

झालं, भरली माझी शाळा. रागावू नकोस. नोकरी सांभाळून रात्री जागून केलंयस, ते मला दिसतंय. खरं सांगायचं तर पडवीत तुझं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा क्षणभर वाटलं आजीच बोलतेय. 'पाणी' म्हणताना तू तिच्यासारखीच 'णी'वर टेकतेस. दोनदा लावलं.

नवीन पान लिहिलंस की आधी मला वाचून दाखव, फोनवर, दुपारी दोननंतर. तेव्हा बाबा झोपलेले असतात. आणि भावजी उठून गेले तर काय, हे मी तुला विचारणार नव्हते. गेल्या दोन रात्री मी मनात खुर्च्या मांडतेय. त्यांना दाराजवळ बसवलं तर उठायला सोपं, आत बसवलं तर अडकल्यासारखं. तू सांग.

मूळ फोटो दादाबरोबर पाठवते आहे. दोघांचा, न कापता. स्कॅन करून परत आण, ट्रंकेत तो एकच आहे.

तुझी,
आई

ता. क. काल भावजी खालच्या वाटेने गेले. वर बघितलं नाही, पण ओंकारला म्हणे विचारत होते, सायली कोणत्या गाडीने येते म्हणून.