माझ्या दोन जन्मतारखा

फोंडा, गोवा
१२ नोव्हेंबर २०२५

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, आधारवरची तारीख बदलून टाक आणि मोकळी हो." मी काही बोलले नाही, कारण गॅसवर आमटी होती. आता सविस्तर लिहिते. बँकेच्या मॅनेजरना दिलेल्या पत्राची नक्कलही खाली उतरवून देते. आधार मी बदलणार नाही. का, ते वाचून ठरव.

सुरुवात पैशांपासून झाली. निवृत्तीच्या पैशांतली सोळा लाखांची ठेव आहे ना, तिचं सात टक्क्यांनी तिमाही व्याज अठ्ठावीस हजार येतं. जुलैत पासबुक भरून आणलं तर जमा बावीस हजार चारशे. पाच हजार सहाशे गेले कुठे? व्याजावर कर कापू नये म्हणून एप्रिलमध्येच मी १५एच फॉर्म भरून दिला होता. काउंटरवरच्या मुलीने संगणकात बघितलं आणि म्हणाली, "माये, तुमचें पॅन चलना." म्हणजे पॅन निष्क्रिय. पॅन आधारला जोडलेलं नसेल तर १५एच धरत नाहीत आणि दहाऐवजी वीस टक्के कर कापतात. जोडायला गेले, हजार रुपये दंडही भरला, तरी जोडणी होईना. पॅनवर १ जून १९५०, आधारवर १४ सप्टेंबर १९५१. नाव, लिंग आणि जन्मतारीख, तिन्ही जुळल्याशिवाय ते यंत्र पुढे सरकत नाही. ऐंशी पूर्ण झालेल्यांना ही जोडणी माफ आहे म्हणे, पण मला एका तारखेने पंचाहत्तर आणि दुसऱ्या तारखेने चौऱ्याहत्तर. माफी दोन्हीकडून लांब! त्यात बँकेची केवायसीही ह्याच वर्षी नव्याने करायची होती, तीही तिथेच अडकली.

तुला एक जून ठाऊक आहे, कारण त्या दिवशी तू फोन करतेस. ती तारीख गुरुजींची. १९५६ च्या जूनमध्ये माझ्या थोरल्या बहिणीला गावच्या मराठी शाळेत घातलं. वाटेत ओहोळ होता आणि ती एकटी जायला रडायची. मग तुझ्या आजोबांनी मलाही तिच्याबरोबर पाठवलं. मी तेव्हा पावणेपाच वर्षांची. सहा पूर्ण नसेल तर पहिलीत कसं घेणार, म्हणून गुरुजींनी पाटीवर हिशेब केला आणि बरोबर सहा वर्षं मागे जाऊन १ जून लिहिलं. माझ्या वर्गात एक जूनवाली आणखी सातजणं होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच तारीख आली, तिथून मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर, तिथून १९७२ साली सेवापुस्तकावर, आणि शेवटी पेन्शनच्या आदेशावर. पॅन काढताना ऑफिसातलाच कागद जोडला, म्हणून पॅनवरही तीच.

खरी तारीख मला चाळिशीत कळली. आजोबा गेल्यावर वारसांच्या वाटणीसाठी इन्व्हेंटरीची केस घातली, तेव्हा सगळ्या भावंडांच्या जन्माचे तेओर काढावे लागले. तेओर म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या नोंदवहीतल्या मूळ नोंदीची शब्दशः नक्कल. आपल्याकडे मुक्तीपूर्वी पोर्तुगीज अमलात जन्माची नोंद त्यांच्या भाषेत व्हायची आणि तारीख आकड्यांत नाही, अक्षरांत लिहायचे. त्या नोंदीत दोन तारखा असतात आणि घोटाळा तिथेच होतो. वर असते ती नोंद केल्याची तारीख, आत असते ती जन्माची. माझी नोंद ऑक्टोबरात झाली. मामाने आधी ऑक्टोबरच वाचलं होतं. नोंदणी कार्यालयातल्या म्हाताऱ्या कारकुनाने बोट ठेवून "कातोर्झ द सेतेंब्रु" वाचलं, तेव्हा आजी लगेच म्हणाली, "हंय, चवथ जावन आठ-धा दीस जाल्ले, आनी पावस कसो!" पुढे मी जुनं पंचांग काढून बघितलं. १९५१ साली गणपतीची चवथ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. वहीतली तारीख आणि आजीची आठवण एकमेकींना धरून आहेत. आधार काढताना मी हा तेओर दाखवला, म्हणून तिथे बरोबर तारीख लागली.

तेव्हाच ऑफिसात अर्ज का केला नाही, असं तू विचारशील. सेवापुस्तकातली तारीख नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत दुरुस्त करून घ्यायची असते. माझी पाच वर्षं १९७७ ला संपली होती. मी स्वतः आस्थापना विभागात बसायचे, दुसऱ्यांचे असे अर्ज परत पाठवायचे, तर स्वतःसाठी कुठल्या तोंडाने करणार? महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे २०१० ला घरी आले. खऱ्या तारखेने ३० सप्टेंबर २०११ असतं. गुरुजींनी सोळा महिन्यांचा पगार खाल्ला म्हण! पण ते बिचारे आमच्या ओहोळासाठी खोटं बोलले.

तर, मॅनेजरना पहिलं पत्र लिहिलं ते तीन पानी. त्यात ओहोळ, गुरुजी, आजी सगळे होते. मॅनेजर तरुण आहेत, सभ्य आहेत. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "पण मावशी, खरी कुठली? एक सांगा, दुसरी खोडूया." तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा बसलाय. त्यांना वाटतंय, दोनपैकी एक कागद खोटा. मला सांगायचं होतं की दोन्ही कागद खरे आहेत आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. रात्री बसून एका पानात पुन्हा लिहिलं:

"माननीय शाखाधिकारी यांस,

विषय: माझ्या कागदपत्रांवरील दोन जन्मतारखांबाबत खुलासा.

महोदय,
माझ्या जन्माची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे १४ सप्टेंबर १९५१ अशी आहे. आधारवर हीच तारीख आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५० ही तारीख लिहिली गेली. सेवापुस्तक, पेन्शनचा आदेश व पॅन यांवर ती तिथून आली आहे. दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत. तेओरवर माझे माहेरचे नाव असल्याने विवाहनोंदणीची प्रत जोडली आहे.

सेवेतील तारीख आता बदलता येत नाही, व ती बदलावी अशी माझी मागणीही नाही. पॅनवरील तारीख जन्मनोंदीप्रमाणे करण्यासाठी मी अर्ज केला असून त्याची पोच सोबत आहे.

विनंती अशी की, पॅन दुरुस्त होऊन आधारला जोडले गेल्यावर माझ्या ग्राहक नोंदीत १४ सप्टेंबर १९५१ ही तारीख घ्यावी. पेन्शनच्या कागदावरील १ जून १९५० ही तारीख मात्र आहे तशीच ठेवावी. वयानुसार मिळणारी कर व ठेवींवरील सवलत मला नंतरच्या, म्हणजे १९५१ च्या तारखेने द्यावी. दोन तारखांमुळे कोणताही लाभ मी आधी घेतलेला नाही व घेणार नाही. तसे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर केले आहे.

आपली विश्वासू"

वाचून ते म्हणाले, "हे कळलं." मग त्यांनीच एक गोष्ट विचारली, जी मी लिहिली नव्हती. पेन्शनवाल्यांना ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर वीस टक्के वाढ मिळते, ती कधीपासून? मी म्हटलं, पेन्शनच्या आदेशातल्या तारखेने, जून २०३० पासून. ज्या तारखेने सरकारने मला लवकर घरी पाठवलं त्याच तारखेने वाढही लवकर यायला हवी. ते हसले. पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. उद्या कुणी हौसेने पेन्शनच्या नोंदीतही आधारची तारीख घातली, तर पेन्शनच्या आदेशाशी मेळ बसणार नाही आणि आज जे पॅनचं झालं ते पेन्शनचं होईल. म्हणून "आहे तशीच ठेवावी" ह्या शब्दांखाली मी रेघ मारली आहे.

आता तुझं म्हणणं. आधार १ जूनवर नेलं असतं तर पॅन, पेन्शन, आधार सगळं जुळलं असतं, हे खरं. पण तेओर तेवढा एकटा पडला असता, आणि आपल्या गोव्यात जमिनीचं, वारशाचं काही निघालं की पहिल्यांदा तोच मागतात. शिवाय आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलू देतात. ती एक संधी मी गुरुजींच्या हिशेबावर का घालवू? पॅन दुरुस्त करणं त्या मानाने सोपं. फॉर्म, तेओर, विवाहनोंदणी आणि शंभर-सव्वाशे रुपये.

कापलेले पैसे बँक परत देत नाही, कारण ते सरकारजमा झालेत. दोन तिमाह्यांचे अकरा हजार दोनशे. ते विवरणपत्र भरून मागायचे, आणि पॅन चालू झाल्याशिवाय परतावा निघत नाही. म्हणून घाई करून उपयोग नाही. जोडणी झाल्यावर पॅन चालू व्हायला महिनाभर जाऊ शकतो. चालू झालं की नवा १५एच भरायचा, जुना धरणार नाहीत. २६एएस बघायला तुझ्या भाच्याला बसवते, त्यात दोन्ही कापण्या माझ्या नावावर दिसतात का ते आधी बघायचं आहे.

बँकेने पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून दिला आहे. ती प्रत, तेओर आणि प्रतिज्ञापत्र प्लॅस्टिकच्या निळ्या फाइलीत घालून कपाटाच्या वरच्या खणात, तुझ्या पप्पांच्या कागदांशेजारी ठेवली आहे. हयातीचा दाखला कालच देऊन आले. तिथल्या बाईने जन्मतारीख विचारली, मी १ जून सांगितली.

जावईबापूंना नमस्कार, नातवाला पापा.

तुझी
आई