हान्सेल-ग्रेटेलची सख्खी आई

मा. संपादक, स. न. वि. वि.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ ही भावा-बहिणीची जर्मन गोष्ट मूळ रूपात वाचून दाखवल्यावर काही पालकांनी विचारलं, ‘बाई, आई मुलांना जंगलात सोडते, हे लहानांना कशाला सांगायचं?’ प्रश्न योग्य आहे. आपल्या पत्रातून सर्वच पालकांना उत्तर द्यावंसं वाटतं.

ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मनीत ही आणि अशा इतर कथा छापल्या त्या लोककथांचा संग्रह म्हणून, मागे अभ्यासकांसाठी टिपा जोडून. तोंडी चालत आलेल्या या गोष्टी घरातली थोरली माणसंही ऐकत. त्या पहिल्या आवृत्तीत मुलांना सोडून यायचा हट्ट धरणारी बाई त्यांची सख्खी आई आहे. कारण एकच, घरात भाकरी नाही. हे कल्पनेतलं संकट नव्हतं. पुढे चारच वर्षांनी, १८१६-१७ मध्ये, पिकं बुडून जर्मन मुलखात लोक उपाशी मरत होते.

हे पुस्तक मुलांच्या हाती देण्याजोगं नाही, अशी टीका झाली आणि ग्रिम बंधूंनी स्वतःच कथा बदलायला घेतल्या. १८१९ मध्ये हिमगौरीची सख्खी आई सावत्र झाली, १८४० मध्ये हान्सेलची. जंगलात मुलांना खायला टपलेली चेटकीण मात्र प्रत्येक आवृत्तीत भट्टीत जळतेच. म्हणजे क्रौर्य त्यांना खटकलं नाही, सख्ख्या आईचा दोष खटकला. सगळं पाप सावत्र आईच्या माथी मारण्याची ही सोय मला पटत नाही. माझ्या वर्गातही सावत्र आईच्या मायेत वाढणारी मुलं आहेत.

आजच्या चित्रमय पुस्तकांत तर भावंडं नुसती वाट चुकतात आणि चेटकीण पळून जाते. मग हान्सेल खिशात पांढरे खडे का भरतो? मूळ कथेत तो रात्री आईबापांचं बोलणं चोरून ऐकतो, म्हणून अंगणातले खडे वेचतो. दुसऱ्या खेपेला दाराला कुलूप असतं, म्हणून भाकरीचे तुकडे टाकावे लागतात आणि ते पाखरं खातात. एरवी रडणारी ग्रेटेल भाऊ पिंजऱ्यात अडकल्यावर चेटकिणीला भट्टीत ढकलते. सोडून देण्याचा प्रसंग काढला की मुलांच्या हुशारीला कारणच उरत नाही. आपल्या चिऊताईनं दाराशी आलेल्या काऊला चटका दिल्याचं ऐकतच आपण वाढलो ना?

अर्थात सगळंच सांगावं असं नाही. खाटकाचा खेळ खेळताना एक मूल दुसऱ्याला मारतं, ही १८१२ची कथा ग्रिम बंधूंनीच पुढच्या आवृत्तीत वगळली. तीही मी वर्गात वाचणार नाही. घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा आईवडील वेगळे होत असतील, तर पालकांनी मला आधी जरूर सांगावं. त्या आठवड्यात दुसरी गोष्ट घेईन. आणि घरी ही गोष्ट वाचाल तेव्हा जंगलाशी थांबू नका. मुलं चेटकिणीची रत्नं घेऊन बापाकडे परततात, तिथपर्यंत एका बैठकीत वाचा.

आपली,
एक शिक्षिका, सातारा