वक्त्याची ओळख आणि चुकलेली पदवी

प्रति,
संपादक महोदय,

आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने गेल्या आठवड्यात सर्पदंशावर व्याख्यान ठेवले होते. आपण त्याची बातमी छापलीत, त्याबद्दल आभार. त्यात वक्त्या मॅडमच्या नावापुढे 'एमडी, सर्पदंशतज्ज्ञ' असे आले आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, पण दोष तुमच्या वार्ताहराचा नाही. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. मी जे बोललो तेच त्यांनी लिहून घेतले.

मॅडम भूलतज्ज्ञ आहेत. एमबीबीएसनंतर डीए हा दोन वर्षांचा डिप्लोमा आणि मग भूलशास्त्रात डीएनबी. एमडी विद्यापीठ देते, डीएनबी दिल्लीचे राष्ट्रीय परीक्षा मंडळ देते. दर्जा समान असला तरी पदव्या दोन आहेत, आणि ज्याने जी मिळवली तीच वाचायला हवी. 'सर्पदंशतज्ज्ञ' अशी पदवी तर मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत नाहीच. एवढा साधा तपशील मी आधी फोन करून विचारला नव्हता. निमंत्रणपत्रिकेवरून वाचला, आणि पत्रिकेवर तो छापखान्यात कुणीतरी 'सुधारला' होता. (ब्रिटनच्या पदव्यांच्या अक्षरांचीही हीच गत. एमआरसीपी परीक्षा देऊन मिळते, एफआरसीपी निवडीने. आम्ही दोन्ही एकाच दमात वाचतो.)

माझ्या चुकीने नुकसान वेगळेच झाले. 'भूलतज्ज्ञ' हा शब्द गाळल्यामुळे हा विषय मॅडमनी का मांडायचा, हेच श्रोत्यांना कळले नाही. ओपीडी उरकून रात्री साडेआठला आलेला जनरल प्रॅक्टिशनर खुर्चीत बसतो तो बहुधा क्रेडिट पॉइंटसाठी. नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० लागतात. साप चावलेला माणूस आपण लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवतो, मग यात ऐकायचे काय, असे त्याला वाटते. मी सत्कार, सुवर्णपदके आणि भाषणांची संख्या वाचत सात मिनिटे घालवली. तेवढ्यात मागच्या दोन रांगा मोबाइलमध्ये गेल्या.

खरे तर एक रुग्ण सांगायला हवा होता. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला तरुण पहाटे पोटदुखी आणि उलटीने उठतो. सकाळी तुमच्याकडे येतो. अंगावर सूज नाही, चावल्याची खूण सापडत नाही, साप पाहिलेला नाही. तुम्ही पित्ताचे इंजेक्शन देता आणि पुढचा पेशंट बोलावता. त्याला रात्री मण्यार चावलेली असू शकते. तिचे दात बारीक असतात, दुखत नाही, झोपही मोडत नाही. काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास थकतो. ओळखायला यंत्र लागत नाही. त्याला वर बघत राहायला सांगा, पापण्या टिकतात का पाहा. एका श्वासात किती आकडे मोजतो ते पाहा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावा. आकडा घटला तर थांबायचे नाही.

इथे भूलतज्ज्ञ येतो. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष अडवते, पण झालेली इजा भरून काढत नाही. नागाच्या दंशात उपयोगी पडणारे निओस्टिग्मिन हे औषध इथे बहुतेक वेळा हात टेकते. मग उरतो श्वास. नळी घालून तो काही दिवस चालू ठेवला, तर माणूस बरा होतो. या काळात त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या आणि स्थिर असू शकतात, तो हाताचे बोटही हलवत नाही, आणि न जाणणारा त्याला मेंदूमृत समजतो. प्रत्यक्षात तो सगळे ऐकत असू शकतो. हे मॅडमनी स्वतःच्या अतिदक्षता विभागात पाहिलेले आहे. त्यांची डीए, डीएनबी ही अक्षरे या गोष्टीला चिकटलेली आहेत.

म्हणजे ओळख एवढीच पुरली असती: "या भूलतज्ज्ञ आहेत, एमबीबीएस, डीए, डीएनबी. आज सकाळी तुम्ही ज्यांना पोटदुखीचे इंजेक्शन दिले असेल, त्यांतला एखादा पेशंट संध्याकाळी यांच्या व्हेंटिलेटरवर असू शकतो. तो तुमच्या टेबलाजवळ असतानाच कसा ओळखायचा, हे त्या सांगणार आहेत." मिनिटही लागले नसते.

कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी: 'एमडी, सर्पदंशतज्ज्ञ' याऐवजी 'एमबीबीएस, डीए, डीएनबी, भूलतज्ज्ञ'. मॅडमनी तक्रार केलेली नाही, पण कात्रण मात्र त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून मला पाठवले आहे.

आपला,
संघटनेचा सचिव, सिंधुदुर्ग