चित्रातले बाबा आठवणीत आई होतात: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दिसले, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ते चित्र वर्गात दाखवलं. आठवड्याने विचारलं, "भाजी कोण निवडत होतं?" बरीच मुलं म्हणाली, "आई." आणि बाबा? "ते नुसते बसले होते."

हा विसराळूपणा नव्हे. 1983 मध्ये अमेरिकेत कॅरोल मार्टिन आणि चार्ल्स हॅल्वर्सन या मानसशास्त्रज्ञांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवली. काही रूढ, तर काही लाकूड कापणाऱ्या मुलीसारखी उलटी. आठवड्यानंतर उलट्या चित्रांत मुलं माणूसच बदलत होती. लाकूड मुलगाच कापत होता म्हणे! सँड्रा बेम यांनी 1981 मध्ये मांडलेला 'जेंडर स्कीमा' तो हाच. 'बायकांचं' आणि 'पुरुषांचं' असे दोन कप्पे मूल मनात तयार करतं, आणि पुढे दिसेल ते त्यांतच बसवतं. न बसणारं मोडूनतोडून बसवतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांच्या सामाजिक अध्ययनाच्या मांडणीनुसार मूल समोरच्याचं पाहून, कौतुक आणि ओरडा बघून शिकतं. आपलं पुस्तक याच भरवशावर आहे: चित्र बदला, मूल बदलेल. पण चित्र डोक्यात शिरतानाच बदलत असेल तर?

"हे सगळं निसर्गतःच असतं," असं पालकसभेत हमखास कुणीतरी म्हणतं. त्यातही तथ्य आहे. अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात गर्भातच अँड्रोजेन हे पुरुषी संप्रेरक जास्त तयार होतं. अशा मुली गाड्यांशी अधिक खेळतात. पण 'हे मुलींचं खेळणं' अशा शिक्क्याचा त्यांच्यावर इतर मुलींपेक्षा कमी परिणाम होतो, असंही पुढे आढळलं. म्हणजे संप्रेरकं आणि कप्पे यांना एकमेकांपासून तोडता येत नाही. शिवाय भाजी कुणी निवडायची, हे कोणतंही संप्रेरक सांगत नाही.

कप्पे घट्ट करायला आपली शाळाही हातभार लावते. रेबेका बिगलर यांनी 1995 मध्ये काही वर्गांत शिक्षकांना मुलगे-मुली हा भेद मुद्दाम वापरायला लावला, काहींत नाही. चारच आठवड्यांत भेद वापरलेल्या वर्गांतली मुलं अधिक साचेबद्ध बोलू लागली. आमच्याकडे हजेरीपट, रांगा, बाकं, सगळं असंच वाटलेलं असतं.

बिगलर आणि लिबेन यांनी 1990 मध्ये मुलांना एक नियम शिकवला. अमुक काम कोण करू शकेल, हे ठरवताना दोनच प्रश्न विचारायचे: त्याला ते आवडतं का, आणि त्यासाठी लागणारं कौशल्य आहे का? नियम शिकलेल्या मुलांना गोष्टींतली उलटी माणसं जास्त नीट आठवली. एवढ्याने त्यांच्या स्वतःच्या आवडीनिवडी पालटतील, असा माझा दावा नाही.

म्हणून विनंती आहे की हे दोन प्रश्न शिक्षक हस्तपुस्तिकेत त्या चित्राच्या पाठाशी छापावेत, आणि हजेरीपट सरसकट आडनावानुसार लावायचं परिपत्रक काढावं. माझ्या वर्गाचा मी यंदा तसा लावला आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी कारण विचारलं, तर हे पत्र दाखवीन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका