घरून काम मागणाऱ्याला चाळीस टक्क्यांची अट नको

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

ज्यांना चालण्या-फिरण्याची अडचण आहे किंवा वर्षानुवर्षं अंगदुखी आहे, अशा नोकरदारांनी आठवड्यातले काही दिवस घरून काम करण्याची परवानगी मागितली, की एचआरकडून पहिला प्रश्न येतो: "तुमचं दिव्यांग प्रमाणपत्र किती टक्क्यांचं?" आकडा चाळीसच्या खाली असला किंवा प्रमाणपत्रच नसलं, तर अर्ज तिथेच संपतो. या प्रश्नाला कायद्याचा आधार नाही. आणि तो बंद करणं आपल्या विभागाला जमण्यासारखं आहे, म्हणून हे पत्र.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ४० टक्क्यांची अट आहे ती प्रामुख्याने आरक्षण आणि काही विशेष लाभांसाठी. 'दिव्यांग व्यक्ती' या व्याख्येत टक्केवारी नाही. दीर्घकाळाचा शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांचा दोष असावा आणि समोरच्या अडथळ्यांमुळे त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरता येऊ नये, एवढंच तिथे म्हटलं आहे. वाजवी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव, हेही याच कायद्यात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक द्यायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, प्रत्येकाची गरज वेगळी बघावी लागेल, असा तो निकाल. परीक्षेतल्या लेखनिकाला जे लागू, ते ऑफिसातल्या कामाच्या जागेला का लागू नसावं?

टक्केवारी इथे कशी फसते, ते मी माझ्याच आजारावरून सांगते. मला अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. कंबरेखालच्या सांध्यांना आणि मणक्याला सूज येते. पहाटे अंग लाकडासारखं होतं आणि हालचाल सुरू केल्यावर हळूहळू सुटतं. विश्रांतीने दुखणं कमी होत नाही, उलट एका जागी फार वेळ बसलं की वाढतं. प्रमाणपत्राच्या तपासणीत सांधा किती अंशात वळतो, स्नायूंत किती जोर आहे, हे मोजतात. औषधं लागू पडलेल्या चांगल्या दिवशी, सकाळी अकरानंतर ही तपासणी झाली, तर माझा आकडा लहानच येतो. पण पहाटे साडेपाचला पलंगाच्या कडेला बसून पायात मोजा चढवण्यासाठी वाकता येत नाही, ही गोष्ट कोणत्याही रकान्यात बसत नाही. आमवात, फायब्रोमायाल्जिया किंवा मणक्याच्या फसलेल्या शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं असलेल्यांचंही असंच. दुखणं रोज बदलतं, प्रमाणपत्र बदलत नाही.

मी डोंबिवलीहून मुंबईला विम्याचे दावे तपासायला जाते. अंग सर्वांत आखडलेलं असतं नेमक्या त्याच वेळी गर्दीची लोकल पकडावी लागते. दिव्यांगांचा डबा आहे, पण त्यात चढायला प्रमाणपत्र हवं, आणि डब्यात जागा मिळाली तरी फलाटावरचा जिना, ऑफिसपर्यंतची रांग, बसचे धक्के चुकत नाहीत. ऑफिसात पोहोचेपर्यंत त्या दिवसाची निम्मी ताकद संपलेली असते.

कोविडच्या काळात हेच काम आम्ही घरून केलं. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारनेही आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्यातून सूट दिली होती, अट एवढीच की त्यांनी घरून कामासाठी उपलब्ध राहावं. फेब्रुवारीत सगळ्यांना परत बोलावलं गेलं. आमच्या कंपनीतही पुढे सरसकट हजेरी आली. मी अर्ज केला, तेव्हा चाळीस टक्क्यांचाच प्रश्न आला आणि नंतर "मॅनेजर ठरवतील" असं उत्तर. मॅनेजरने महिन्या-महिन्याला परवानगी द्यायची आणि महिना संपला की पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठी, असा प्रकार सुरू झाला. जो आजार आयुष्यभराचा आहे, त्याचा दाखला दर महिन्याला कसला?

मार्ग निघाला तो कामाकडे बघितल्यावर. माझ्या कामाचे तुकडे पाडले. स्कॅन केलेली कागदपत्रं पडताळणं, रुग्णालयांना प्रश्न पाठवणं, दाव्याचं टिपण लिहिणं, हे सगळं लॅपटॉपवर होतं. मूळ कागद हाताळायचे ते आणि ऑडिटची बैठक, एवढ्यासाठीच जागेवर असावं लागतं. ते सगळं आठवड्यातल्या दोन दिवसांत आणलं आणि त्या दिवशी सकाळी अकराला यायचं ठरलं. घरी मी वीस-पंचवीस मिनिटांनी उठते, दुपारी दहा मिनिटं पाठ टेकते. ऑफिसात सगळ्यांसमोर जमिनीवर आडवं पडता येत नाही. घरीही नीट खुर्ची आणि डोळ्यांच्या रेषेतला स्क्रीन लागतो, नाहीतर पलंगावर बसून लॅपटॉप चालवल्याने मान आणखी जाते. हा खर्च कुणी करायचा, ते ठरवलंच गेलं नाही.

म्हणून आपल्याकडे मागणी नेमकी आहे. कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत मुख्य आयुक्त किंवा राज्य आयुक्तांकडे नोंदवायची असते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात काय असावं, त्याची यादी २०१७ च्या केंद्रीय नियमांत आहे. त्यात सोयीसुविधा, साहाय्यक उपकरणं, बदली-नेमणुकीतलं प्राधान्य, विशेष रजा आहे. कामाची जागा आणि वेळ लवचीक ठेवण्याचा मुद्दा वेगळा मांडलेला नाही. पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाने या धोरणांसाठी एक नमुना कलम काढावं. अर्ज कुणाकडे करायचा, किती दिवसांत लेखी उत्तर मिळेल, नकार असेल तर त्याचं कारण काय, हे त्यात असावं. पुरावा म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं एक पान पुरावं, ज्यात आजाराच्या नावाऐवजी 'एका वेळी किती वेळ बसता येतं, कोणत्या वेळी त्रास जास्त, प्रवास किती झेपतो' एवढंच लिहिलेलं असेल. आढावा वर्षातून एकदा, दुखणं वाढलं तर त्याआधी. खुर्ची-टेबलाचा खर्च कंपनीचा.

गैरवापराची भीती सांगितली जाते. 'असह्य भार पडत असेल तर नको' ही मुभा कायद्यानेच आस्थापनेला दिली आहे. पण तो भार त्या विशिष्ट कामापुरता दाखवायला हवा. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला घरून काम देता येणार नाही, त्याला बसण्याची जागा आणि पाळी बदलून देता येईल. अडथळा कामात आहे की सवयीत, हे लेखी कारण मागितल्याशिवाय कळत नाही.

शासकीय कार्यालयांत तर याची सुरुवात सोपी आहे. त्यांच्यावर वाजवी सोयीची जबाबदारी कायद्याच्या कलम २० ने थेट टाकलेली आहे आणि तक्रार निवारण अधिकारी नेमणंही बंधनकारक आहे. जिथे ई-ऑफिसवर फाईल हलते, तिथे ती घरूनही हलू शकते. मात्र या सवलतीच्या आडून कुणाला घरी बसवू नये. रॅम्प, लिफ्ट आणि वापरता येण्यासारखं स्वच्छतागृह करायचं टाळून "तुम्ही घरूनच करा" म्हणणं हा दुसऱ्या बाजूने तोच भेदभाव आहे. काही सहकाऱ्यांना ऑफिसात यायचंच असतं, घरात जागा नसते, किंवा चेहरा दिसला नाही की बढती मागे पडते. घरून काम करण्याची निवड त्या माणसाची असावी, आणि त्या निवडीमुळे मूल्यमापनात त्याचे गुण कापले जाऊ नयेत, अशी स्पष्ट ओळ परिपत्रकात असावी.

या नमुना कलमाचा मसुदा करताना आयुक्तालयाने संधिवाततज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि माझ्यासारखे दुखणं घेऊन कामाला जाणारे लोक बोलवावेत. मी यायला तयार आहे. बैठक सकाळी अकरानंतर ठेवली किंवा ऑनलाइन जोडण्याची सोय केली, तर आणखी अनेकजण येऊ शकतील.

आपली विश्वासू,
डोंबिवलीतील एक नोकरदार