वर्षाचा हिशेब जुळतो, पण नोव्हेंबरचा हप्ता?

मा. संपादक,

लघुउद्योगांना बँका कर्ज देत नाहीत, अशी तक्रार करणारी पत्रे आपल्या सदरात अधूनमधून येतात. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केल्यामुळे मला दुसरी बाजू ठाऊक आहे. कर्ज मंजूर होते, पण पुढच्या दिवाळीपर्यंत खाते थकते, अशीही प्रकरणे पुष्कळ असतात. त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांचे मूळ अर्जासोबतच्या प्रकल्प अहवालात सापडते. बाजारात हे अहवाल दुकानातल्या तयार कपड्यांसारखे मिळतात. नाव आणि पत्ता बदलला की झाले.

माझ्या परिचयातल्या एका बाईंचे उदाहरण देतो. त्या घरगुती मालवणी मसाला करतात. भांडुपला गाळा भाड्याने घेऊन कांडप यंत्र, भाजणी यंत्र आणि पॅकिंगची व्यवस्था करायची, असा त्यांचा बेत होता. यंत्रांचा खर्च 6 लाख रुपये. त्यात स्वतःचे 60 हजार आणि बँकेचे 5 लाख 40 हजार, पाच वर्षांत फेडायचे. व्याज 11 टक्के धरले तर महिन्याचा हप्ता पावणेबारा हजारांच्या आत येतो. एजंटने करून दिलेला अहवाल घेऊन त्या माझ्याकडे आल्या होत्या.

अहवालात दरमहा 500 किलो विक्री धरली होती, म्हणजे वर्षाला 6 हजार किलो. सरासरी भाव 570 रुपये, त्यामुळे उलाढाल 34 लाख 20 हजार. कच्चा माल, दोन बायकांचा पगार, भाडे, वीज, पॅकिंग आणि वाहतूक वजा जाता 3 लाख 60 हजार उरत होते. वर्षाचे हप्ते सुमारे 1 लाख 40 हजारांचे. म्हणजे हप्त्यांच्या अडीचपट शिल्लक. बँकेत हे गुणोत्तर साधारण दीडच्या आसपास असले तरी चालते, तेव्हा अडीच पाहून कोणीही खूश होईल.

पण त्या शिल्लकीत खेळत्या भांडवलासाठी घ्यायच्या कर्जाचे व्याज धरलेले नव्हते. ते साधारण 60 हजार होते. आणि बाईंनी घरखर्चासाठी महिन्याला निदान 10 हजार उचलले तर त्याचे वर्षाला 1 लाख 20 हजार झाले. दोन्ही वजा केल्यावर उरतात 1 लाख 80 हजार, आणि गुणोत्तर 1.3 च्या खाली येते. तयार अहवालांत मालकाच्या पोटाचा रकाना हटकून गाळलेला असतो. तरीही एवढ्यावर धंदा चालू शकला असता. खरी गोम त्या ‘दरमहा 500 किलो’मध्ये होती.

मुंबईत वर्षाचा मसाला कधी करतात हे सांगायला अहवाल लागत नाही. मार्च ते मे. पावसाळ्याआधी बरण्या भरल्या की नंतर ग्राहक फुटकळ पाकिटांपुरताच येतो. बाईंच्या स्वतःच्या वहीतही वर्षाच्या विक्रीतला साठ टक्के वाटा या तीन महिन्यांचाच होता. तो धरून आम्ही तोच हिशेब महिन्यांत मांडला. हंगामात महिन्याला 1,200 किलो, आणि उरलेल्या नऊ महिन्यांत जेमतेम 267.

एका किलोमागे माल, पॅकिंग, वाहतूक जाऊन 170 रुपये सुटतात. पगार, भाडे आणि वीज मिळून महिन्याला 55 हजार जातातच, गिऱ्हाईक येवो न येवो. हंगामातल्या महिन्यात हे सगळे भागवून दीड लाखाच्या आसपास उरते. मात्र जूनपासून 267 किलोंवर 45 हजार सुटतात आणि 55 हजार द्यायचे असतात. म्हणजे हप्त्याला हात लावण्याआधीच दहा हजारांचा खड्डा. वर्षाची बेरीज तीच, 3 लाख 60 हजार. पण नोव्हेंबरचा हप्ता मे महिन्याच्या पैशातून द्यायचा आहे, हे अहवालात कुठेच दिसत नव्हते.

आता समजा हे कर्ज जुलैमध्ये हातात पडले. हंगाम गेलेला, यंत्रे बसलेली, हप्ते सुरू. मार्च उजाडायला आठ महिने. हप्ता थकून 90 दिवस उलटले की खाते अनुत्पादित ठरते, आणि बाईंचे ते संक्रांतीच्या आतच ठरले असते. प्रकरण केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतले असेल तर फटका आणखी मोठा. त्या योजनेत 35 टक्के अनुदान आहे, म्हणजे इथे 2 लाख 10 हजार. पण ते लगेच हाती येत नाही. बँकेत वेगळे ठेवले जाते आणि तीन वर्षांनी खाते सुरळीत असेल तरच कर्जात वळते होते.

खेळत्या भांडवलाचेही असेच. छोट्या उद्योगांसाठी बँका उलाढालीच्या 20 टक्के मर्यादा देतात, म्हणजे इथे 6 लाख 84 हजार, आणि 5 टक्के मालकाने घालायचे. अशी साडेआठ लाखांची सोय होते. जूनपासूनच्या विक्रीचा माल मेअखेर भरून ठेवायचा तर त्यालाही साधारण तेवढेच लागतात. ब्याडगी, संकेश्वरी मिरचीची खरेदी नवा माल येतो तेव्हाच करावी लागते. पुढे ती शीतगृहात ठेवली नाही तर मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते, आणि ते भाडेही बहुतेक अहवालांत नसते. थोडक्यात, रक्कम पुरेशी होती, पण ती फेब्रुवारीत हातात हवी होती. मे महिन्यात रोकड दिसते म्हणून त्यातून घराची रंगरंगोटी केली की पावसाळ्यात विकायला माल राहत नाही.

म्हणून बाईंचा अहवाल आम्ही बारा रकान्यांत नव्याने लिहिला. अर्ज दिवाळीच्या सुमारास, म्हणजे कर्ज जानेवारीत मिळेल. पहिला हप्ता एप्रिलमध्ये. एप्रिल ते जून मोठे हप्ते आणि उरलेल्या महिन्यांत लहान. खेळत्या भांडवलाच्या कॅश क्रेडिटची मर्यादा हंगामासाठी जास्त आणि हंगामानंतर कमी. यातले काहीही बँकेच्या नियमांबाहेरचे नाही, फक्त अर्जदाराने मागावे लागते. शाखेतला अधिकारी आपणहून क्वचितच सुचवतो, कारण संगणकात समान हप्ता टाकणे सोपे असते.

अहवालातल्या बाजारपेठेच्या प्रकरणात एजंटने मुंबईची लोकसंख्या आणि मसाल्याची वाढती मागणी यांवर दीड पान खर्ची घातले होते. ते काढून टाकले. लालबागला माणूस मिरची स्वतः निवडतो, समोर भाजून, कांडून घेतो. तो भांडुपला का येईल, याचे उत्तर तिथे हवे होते. उत्तर असे मिळाले की आसपासच्या सोसायट्यांतून बायका स्वतःची मिरची घेऊन कांडपाला येतात. कांडपाच्या मजुरीला माल भरावा लागत नाही, उधारी नसते, आणि हीच कमाई पावसाळ्यातल्या खड्ड्यात थोडी भर घालते. पुरावा म्हणून मागच्या हंगामातल्या यूपीआय जमांचा बँक उतारा आणि दोन किराणा दुकानदारांची मागणीपत्रे जोडली.

जिल्हा उद्योग केंद्रांनी आणि बँकांनी अहवालाच्या नमुन्यात पहिल्या वर्षाचा महिनावार तक्ता सक्तीचा करावा, एवढीच विनंती आहे. हंगामी धंदा फक्त मसाल्याचा नाही. गणवेश, छत्र्या, गणपतीच्या मूर्ती, फराळ, या सगळ्यांच्या अर्जांत मला दरमहा सारखीच विक्री लिहिलेली दिसली आहे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, मुलुंड (पूर्व)