वितरक सभासदांसाठी सूचना : पुढील वर्षाचे उद्दिष्ट उचलीवर नव्हे, विक्रीवर

सर्व वितरक सभासदांना कळविण्यात येते की, वार्षिक मेळाव्यातील भाषणात आपल्या पंप उत्पादकांनी, पावसाळ्यात विक्री थंडावलेली असतानाही वेळेवर पैसे भरणाऱ्यांचे आवर्जून आभार मानले आणि पुढील वर्षाचे उद्दिष्ट कंपनीकडून उचललेल्या मालावर नव्हे, तर शेतकऱ्याला प्रत्यक्ष विकलेल्या पंपांवर मोजले जाईल, असे जाहीर केले.

कारण सांगताना त्यांनी उदाहरण दिले, ते ऐकून सभागृहात बरेच जण गालातल्या गालात हसले. एका वितरकाने मार्चअखेरच्या योजनेसाठी १०० पंप उचलले, पावसाळ्यापूर्वी ४० विकले गेले आणि उरलेले ६० गोदामात पडून भांडवल अडकल्यामुळे ऐन रब्बीच्या तोंडावर त्याला चालणारे मॉडेल मागवता आले नाही. नव्या पद्धतीत त्याच्या नावे ४० पंपच धरले जातील.

म्हणून प्रत्येक बिलावर पंपाच्या पट्टीवरील अनुक्रमांक लिहावा आणि वॉरंटी कार्डाची नोंद त्याच महिन्यात करावी. उपविक्रेत्याकडे नुसता हलवलेला माल विक्रीत धरला जाणार नाही. ३१ मार्चचा शिल्लक साठा अनुक्रमांकांसह ५ एप्रिलपर्यंत कळवावा.